ओट्याखालची कॅबिनेटं लेव्हलला येईनात, रविवारी ग्रॅनाइटवाला येतोय

अर्धा_इंजिनिअर

मंडळी, अडकलोय. वाकडला नवा फ्लॅट, बिल्डरने दिलेला ओटा फोडून एल आकाराचं मॉड्यूलर किचन करतोय. कॅबिनेटं कारखान्यातून तयार आली, पण फिटिंगवाला गावी गेला तो अजून उगवला नाही. ग्रॅनाइटवाल्याने रविवारची वेळ दिली आहे, ती सोडली तर पुढचा महिना. म्हणून मी आणि मेहुणा बसवायला लागलो.

लांब बाजू 2700 मिमी. कोपऱ्यात 900चं कॅबिनेट, मग सिंकचं 800, ड्रॉवरचं 600 आणि शेवटी 400चं बाटल्यांचं. आखूड बाजू कोपऱ्यापासून 1800. तिच्यात डिशवॉशरसाठी 600ची मोकळी जागा आणि बाल्कनीच्या दाराजवळ 580चं एकच कपाट. सगळ्या खोक्यांची उंची 720. खाली काळे प्लास्टिकचे आट्याचे पाय, जे 95 पासून 125 मिमीपर्यंत होतात.

कोपऱ्यापासून सुरुवात केली. पाय 100 वर ठेवले, फूटभर लांबीची लेव्हल बाटली ठेवून खोकं सरळ केलं. मग त्याला जुळवून सिंकचं. त्याचा मागचा पाय पूर्ण आत फिरवला तरी खोकं वरच राहतंय. ते तसंच सोडून पुढची दोन लावली. प्रत्येक खोक्यावर बुडबुडा मधोमध. पण पहिल्यापासून चौथ्यापर्यंत दोरा धरला तर 9 मिमीचा फरक! प्रत्येक सरळ आणि सगळी मिळून वाकडी, हे कसं काय?

टोमणेसम्राट

शीर्षकात कॅबिनेट वाचून वाटलं मंत्रिमंडळाचा धागा आहे. तिथेही प्रत्येक जण सरळ आणि सगळे मिळून वाकडे. चालू द्या.

सुतारपक्षी

अर्धा_इंजिनिअर, आधी ती फूटभर बाटली बाजूला ठेवा. एका फुटात एक मिमीची चूक डोळ्याला दिसतच नाही, बुडबुडा दोन रेषांच्या मध्येच असतो. तेवढीच चूक तुम्ही 2700 मिमी पुढे ओढत नेली की 9 मिमी होतात. जुळला ना आकडा? बाटली तपासायची असेल तर एका जागी ठेवून बुडबुडा बघा, मग तीच बाटली त्याच जागी टोकं बदलून ठेवा. बुडबुडा दुसऱ्या बाजूला सरकला तर बाटलीच खोटी.

पण मूळ चूक बाटलीची नाही. तुम्ही पातळी खोक्यांकडून घेतलीत. ती भिंतीवर आधी काढायची असते आणि खोकी तिला आणून भिडवायची असतात.

आज खोकी बाहेर काढा. दहा-बारा मीटर पारदर्शक नळी आणा, त्यात पाणी भरा आणि दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी एका उंचीला येतंय ना ते बघा. येत नसेल तर नळीत हवेचा बुडबुडा आहे. नळी खालपासून वर बोटांनी टिचक्या मारत या, निघतो. मग एक टोक कोपऱ्यात, दुसरं मेहुण्याच्या हातात. जमिनीपासून साधारण मीटरभर उंचीवर पेन्सिलची खूण करा आणि तीच पातळी दोन्ही भिंतींवर पूर्ण फिरवा. लेसर मिळाला तर उत्तम, पण नळीचं पाणी खोटं बोलत नाही.

रेषा झाली की तिच्यापासून खाली जमिनीपर्यंत दर 600 मिमीवर टेपने मोजा. भिंतीलगत मोजा आणि भिंतीपासून 550 पुढे, जिथे पुढचे पाय येतील, तिथेही मोजा. आकडे इथे टाका.

भाऊ_नाशिककर

इतकं कशाला? आमच्याकडे दोन किचन झाली. फिटर यायचा, भिंतीला खोकं टेकवून मागून स्क्रू मारून घट्ट आवळायचा आणि मग खाली पाय फिरवून जमिनीला टेकवायचा. भार भिंत घेते. पाय म्हणजे खालून झाडू जावा म्हणून दिलेली सोय. भिंतीला नीट लावा, लेव्हल आपोआप येते.

माईचा_ओटा

भाऊ, असं नाही हो. माझ्या आईकडे कडाप्प्याचा ओटा होता, त्याला गवंड्याने मोरीकडे बोटभर उतार दिला होता. पाणी सांडलं की आपसूक जायचं. आता माझ्या ग्रॅनाइटवर सिंकच्या मागे पाणी साचतं आणि मी दिवसभर फडकं मारत बसते. तेव्हा माझं म्हणणं, लेव्हल लेव्हल करता ते ठीक, पण सिंककडे थोडा उतार ठेवाच. पाय आहेतच ना फिरवायला.

अर्धा_इंजिनिअर

काका, मोजलं. नळीतला बुडबुडा काढायला अर्धा तास गेला आणि मेहुण्याच्या तोंडात पाणी गेलं, पण रेषा झाली.

लांब बाजूला भिंतीलगत, कोपऱ्यापासून: कोपरा 996, 600 वर 991, 1200 वर 988, 1800 वर 993, 2400 वर 1001, टोकाला 1006. आखूड बाजूच्या टोकाला, बाल्कनीजवळ 1012. पुढच्या रांगेत सगळीकडे दोन ते चार मिमी जास्त.

1200 वर फुगवटा का ते आत्ता कळलं. बिल्डरच्या ओट्याखाली टाइल नव्हतीच, ओटा फोडल्यावर तेवढा पट्टा गवंड्याने भरून टाइल लावून दिली आणि ती थोडी वर आली.

सुतारपक्षी

झकास आकडे आहेत. सर्वात लहान आकडा म्हणजे जमीन सर्वात उंच. म्हणजे 1200 वर, 988. तिथे पाय सर्वात आखूड असणार आणि सगळं गणित तिथून सुरू होणार. तुम्ही कोपऱ्यातून सुरू केलंत. कोपऱ्यात जमीन 8 मिमी खाली आहे. तिथे 100चा पाय धरला म्हणजे फुगवट्यावर 92चा पाय लागणार. तुमचा पाय 95च्या खाली जात नाही. म्हणून सिंकचं खोकं वर राहिलं.

फुगवट्यावर पाय 97 धरा. पूर्ण बंद पाय कधी ठेवू नये, एक-दोन मिमी खाली यायला जागा हवी. 97 आणि 720 मिळून 817. म्हणजे खोक्यांचा वरचा काठ तुमच्या रेषेच्या 988 वजा 817, 171 मिमी खाली. ही दुसरी रेषा दोन्ही भिंतींवर मारा. यापुढे तीच तुमची मालकीण.

बाकी पाय ठरलेच. कोपऱ्यात 105, 600 वर 100, 1800 वर 102, 2400 वर 110, लांब टोकाला 115 आणि बाल्कनीजवळ 121. खोकी आडवी पाडून पाय आधीच टेपने एवढे फिरवून घ्या. पुढच्या पायांना दोन-चार मिमी जास्त द्या. मग उभी केल्यावर शेवटची अर्धी-पाऊण फेरीच उरते. जमिनीवर पालथं पडून, अंधारात हात घालून वीस मिमी फिरवणं म्हणजे शिक्षा असते.

बाल्कनीजवळचा 121 मला आवडलेला नाही. 125च्या पायात चारच मिमी आटा उरतो, त्यावर पाय डुलतो. तिथे पायाखाली सहा-आठ मिमीचा टाइलचा तुकडा सिलिकॉनने चिकटवा, पाय तेवढा आत घ्या. पुढे स्कर्टिंग येणार, दिसणार नाही.

एक गोष्ट बसवण्याआधीच बघा. पायाची वरची बशी खोक्याच्या तळाला कुठे लावली आहे? तिचा ओठ बाजूच्या उभ्या फळीखाली आला पाहिजे. ग्रॅनाइटचं वजन उभ्या फळीतून खाली उतरतं. बशी नुसती तळफळीखाली आत सरकवून लावली असेल तर सगळा भार तळफळीच्या स्क्रूंवर येतो.

अर्धा_इंजिनिअर

बघितलं. तीन खोक्यांची बरोबर आहे. ड्रॉवरच्या खोक्याला मात्र बशा चांगल्या 40 मिमी आत. काढून परत लावतो.

ग्रॅनाइटचं वजन किती येईल साधारण?

सुतारपक्षी

20 मिमी जाडीचा दगड चौरस मीटरला साधारण 54 किलो. तुमचा ओटा लांबीला 2700 आणि आखूड बाजूला कोपरा वजा जाता 1200, रुंदी 600. सव्वादोन-अडीच चौरस मीटरच्या मध्ये, म्हणजे सव्वाशे किलो. वर तुमची डाळ-तांदळाची भांडी आणि कट्ट्यावर चढून वरचं कपाट उघडणारा मेहुणा.

नाशिककर भाऊ, म्हणून सांगतो, हा भार एएसी ब्लॉकच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र सिमेंटच्या ठोकळ्यांच्या भिंतीला चार स्क्रूंवर टांगायचा नसतो. खालच्या कॅबिनेटात वजन पायांवर, आणि भिंतीचे स्क्रू खोकं पुढे सरकू नये, उलटू नये म्हणून. वाकडची नवी बिल्डिंग आहे ना? भिंत ठोकून बघा, टणक विटेचा आवाज येतो की भुसभुशीत.

परदेशी_पाहुणा

भाऊंचं अगदीच चूक नाही. मी न्यू जर्सीत आहे. इथे काही किचनमध्ये भिंतीवर आधी पत्र्याची लांब पट्टी लेव्हलमध्ये मारतात आणि खालची कॅबिनेटंसुद्धा तिच्यावर अडकवतात, पाय मुख्यतः पुढच्या बाजूला. पण ती पट्टी लाकडी उभ्या खांबांना पकडते. प्लास्टरबोर्डच्या मागे दर 16 इंचांवर खांब असतो, तो शोधून त्यातच स्क्रू मारायचा. दोन खांबांच्या मध्ये नुसत्या बोर्डात मारलेला स्क्रू हाताने ओढून निघतो, मी ओढून बघितलाय. माझ्या भाड्याच्या घरातल्या आधीच्या महाभागाने तेच केलं होतं.

भाऊ_नाशिककर

बघा! म्हणजे पद्धत आहे. आमच्या भिंती नऊ इंची विटांच्या, त्यात स्क्रू मारला की निघत नाही. बाकी तुमचा एएसी का काय तो मला माहीत नाही.

अर्धा_इंजिनिअर

भिंत एएसीच आहे. ड्रिल मारल्यावर पांढरी पावडर येते, लाल नाही.

आता खरी गंमत. काल रात्री भाऊंचा प्रयोग करून बघितला, कारण सुतारकाका झोपले होते. चारही खोकी रेषेला लावली. सुंदर. मग कोपऱ्यातलं खोकं मागच्या पट्टीतून स्क्रूने भिंतीला आवळलं आणि समोरचा काठ रेषेच्या 3 मिमी वर!

सुतारपक्षी

पुढचा पाय बोटाने फिरवून बघा.

अर्धा_इंजिनिअर

फिरतोय. पंख्यासारखा गरगर फिरतोय. आधी चांगला घट्ट होता.

सुतारपक्षी

तिथे भिंत खोलगट आहे, प्लास्टर आत गेलंय. खोक्याची मागची पट्टी आणि भिंत यांच्यात फट होती. स्क्रूने ती फट बंद करायला खोक्याला वरून मागे ओढलं. खोकं मागच्या पायांवर झुललं आणि पुढचे पाय उचलले गेले. आता ते पाय तुम्ही खाली फिरवून टेकवाल, सगळं ठीक दिसेल. पण खोकं तिरकंच राहणार, आणि दगड ठेवला की तो पुढच्या काठाच्या एका रेषेवर बसणार.

स्क्रू सोडवा. खोकं परत रेषेला आणा, फट किती आहे ते बघा आणि तेवढ्या जाडीचा तुकडा त्या फटीत, स्क्रूच्या बरोबर शेजारी सरकवा. सनमायकाचे तुकडे यासाठी सोन्यासारखे, एक मिमीचे असतात, हवे तेवढे रचता येतात. पुठ्ठा नको, ओल धरतो आणि दबतो. मग स्क्रू फिरवा. खोकं हललं नाही पाहिजे, स्क्रू फक्त येऊन थांबला पाहिजे. आवळताना एक हात पुढच्या पायावर ठेवा. पाय सैल झाला की थांबा.

आता प्लगचं. तुमच्या भिंतीत आधी टाइल असेल तिथे टाइल आठ-दहा मिमी, तिच्यामागे चिकटवायचा थर, मग प्लास्टर बारा-पंधरा, मग कुठे ब्लॉक. छोटा 30चा प्लग घातला तर तो सगळा टाइल-प्लास्टरमध्येच राहतो आणि ब्लॉकला पोचतच नाही. एएसीसाठीचा नायलॉनचा लांब प्लग मागा, आठ मिमी जाडीचा, साठ-ऐंशी लांबीचा. भोक पाडताना ड्रिलची ठोक बंद ठेवा, नुसतं फिरवा. ठोकीने एएसीत भोक मोठं होतं आणि प्लग नुसता फिरत बसतो. टाइलवर टाइलचाच बिट, तोही बिनठोकीचा. प्लगचं तोंड टाइलच्या मागे जाईल इतका आत ढकला, नाहीतर स्क्रू आत गेल्यावर प्लग टाइलमध्ये फुगतो आणि टाइल चरकन तडकते.

प्रत्येक खोक्याला दोन जागा पुरेत, वरच्या मागच्या पट्टीत उजवीकडे-डावीकडे. पट्टी बारीक असेल तर एल आकाराची लोखंडी पट्टी लावा, जिच्यात लांबट भोक असतं. वर-खाली थोडं सरकवता येतं.

आणि सिंकच्या मागे आणि स्विचबोर्डच्या उभ्या-आडव्या रेषेत भोक पाडू नका. पाण्याचे पाईप नळापासून कुठे वळलेत ते बिल्डरला विचारा किंवा पूर्वीचे फोटो शोधा.

माईचा_ओटा

फोटो! आमच्याकडे नळाच्या वर वीतभर अंतरावर भोक पाडलं आणि भिंतीतून कारंजं सुरू झालं. फिटर म्हणाला, "ताई, पाईप सरळ असायला हवा होता." असायला हवा होता म्हणे. रात्री दहाला वॉचमनला उठवून वरचा कॉक बंद केला.

आणि माझ्या उताराचं कोणीच उत्तर दिलं नाही.

सुतारपक्षी

माई, उतार पायांतून देऊ नका एवढंच सांगतो. पाय तिरके केले तर ड्रॉवर आपोआप उघडतात किंवा दारं एका बाजूला लोंबतात, शेगडीवर कढईतलं तेल एका कडेला जातं. ग्रॅनाइटवाला दगड बसवताना सिलिकॉन कमी-जास्त करून सिंकजवळ दोन मिमी खाली घेऊ शकतो, पण तेवढ्याने पाणी वाहतंच असं माझं मत नाही. काही गवंडी शपथेवर सांगतात वाहतं. सिंकच्या मागचं पाणी पाठच्या सांध्यातून जातं, तिथे सिलिकॉनची रेघ नीट भरा.

माईचा_ओटा

कडाप्प्यावर वाहायचंच. मी लहान होते, पण आंधळी नव्हते.

अर्धा_इंजिनिअर

प्लग लागले, पुढचे पाय घट्ट राहिले. आता जोडणी. शेजारच्या दोन खोक्यांच्या फळ्या 18-18च्या आहेत. 35चा स्क्रू मारू का? आणि सगळी आधी जोडून मग भिंतीला लावायची का, की उलट? मी तर आधीच कोपऱ्याचं लावून बसलोय.

सुतारपक्षी

18 आणि 18 म्हणजे 36. 35च्या स्क्रूचं डोकं थोडंसं फळीत खोल गेलं की पलीकडे टोक डोकावतं. 30 घ्या. आधी 3 मिमीचं भोक पाडून घ्या, नाहीतर फळी फुगते आणि दोघींच्या मध्ये फट पडते. दोन तुकड्यांचे बोल्ट मिळतात, एकीकडून एक भाग, दुसरीकडून दुसरा, ते जास्त छान. त्यांना आरपार भोक लागतं. कोणतेही असोत, बिजागरीच्या पट्टीखाली लपतील अशी जागा पकडा.

कोपऱ्याचं आधी लावलंत त्यात चूक नाही, पण स्क्रू आता पाव फेरी सैल सोडा. जोडताना खोक्याला थोडं सरकायला वाव लागतो. सिंकचं खोकं शेजारी आणा. पुढचे काठ नखाने चाचपा, कोणती कड पुढे आहे ते नखाला कळतं, डोळ्याला नाही. वरचे काठही एक रेषेत. मग दोन शिकंजे, एक वर एक खाली, पुढच्या कडेला. फळीला वण पडू नये म्हणून मध्ये लाकडाची चिप. शिकंजा आवळल्यावर पुन्हा नख फिरवा, कारण आवळताना कड सरकते. मग भोक, मग स्क्रू. पुढे दोन, मागे दोन. मागच्या बाजूला फळ्यांत फट राहिली तर ती ओढून बंद करू नका. पुढची कड महत्त्वाची, मागच्या फटीत सनमायका सारा.

चारही जोडली की 2 मीटरची अॅल्युमिनियमची पट्टी आडवी-तिरपी ठेवून बघा, रेषा बघा, पाय बोटाने फिरवून बघा. कोणताही गरगरत नाही ना. मगच भिंतीचे स्क्रू शेवटचे आवळा.

परदेशी_पाहुणा

डिशवॉशरच्या पलीकडच्या एकट्या कपाटाचं काय? त्याला शेजार नाही, जोडणार कशाला?

सुतारपक्षी

छान प्रश्न. मी विसरलो असतो. ते 580चं कपाट एकटंच उभं, म्हणून पट्टीनेच कोपऱ्याच्या खोक्याशी जुळवायचं. कोपऱ्याच्या वरच्या काठावरून पट्टी त्याच्यावर टाका, मध्ये 600ची पोकळी. डिशवॉशरच्या मागे भिंतीवर, 171च्या रेषेला वरचा काठ येईल अशी एक लाकडी पट्टी मारा. दगडाची मागची कड तिच्यावर टेकेल. पुढच्या कडेला काहीच नाही, 600 मिमी दगड स्वतःच पेलतो, पण तिथे तुम्ही बसू नका. आणि एकट्या कपाटाला भिंतीला दोनऐवजी तीन जागा द्या. तळात लाकडी ठोकळा जमिनीला चिकटवून स्कर्टिंगच्या मागे अडवून ठेवला तर कुणी ड्रॉवरवर पाय दिला तरी ते हलत नाही.

अर्धा_इंजिनिअर

कपाट जागेवर ठेवलं तर मागे एका बाजूला फट वाढत जातेय. कोपऱ्याकडे 10 मिमी, बाल्कनीकडे 15.

सुतारपक्षी

कोपऱ्याचा काटकोन तपासा. एका भिंतीवर कोपऱ्यापासून 900, दुसऱ्यावर 1200, आणि तिरपं मोजा. 1500 यायला हवं.

अर्धा_इंजिनिअर

1506.

सुतारपक्षी

मग कोपरा अर्धा अंश उघडा आहे. 1800 वर 15 मिमी बरोबर बसतं. भिंत तशीच राहणार. खोकी एकमेकांशी काटकोनात ठेवा, भिंतीशी नाही. फट मागे राहू द्या, जिथे स्क्रू आहे तिथे भक्कम तुकडा भरा. 15 मिमी म्हणजे सनमायका नव्हे, प्लायवूडचा तुकडा. ग्रॅनाइटवाल्याला आज सांगा की आखूड बाजूची मागची कड तिरकी आहे. त्याने जागेवर पुठ्ठ्याचा साचा काढावा. काटकोनात कापून आणलं तर त्या टोकाला 15 मिमीची दरी दिसेल.

टोमणेसम्राट

वाकडमध्ये काटकोन कुठून येणार?

भाऊ_नाशिककर

हे मात्र भारी.

अर्धा_इंजिनिअर

रविवारचा अहवाल. ग्रॅनाइटवाला साचा घेऊन गेला होता, तुकडे बरोबर बसले. दगड टेकवताना तो म्हणाला, "साहेब, सिमेंट लावतो, दगड हलणार नाही." काका, तुमच्या सांगण्याप्रमाणे मी सिलिकॉनचेच ठिपके लावायला लावले. उद्या दगड काढायची वेळ आली तर खोकी वाचावीत म्हणून. तो नाराज झाला, पण लावले.

सुतारपक्षी

मी असं सांगितलं नव्हतं हो, पण मी पण तेच म्हटलं असतं. 😀

अर्धा_इंजिनिअर

मग कुणी सांगितलं होतं? असो, मेहुण्याने सांगितलं असणार.

स्कर्टिंगचीही मजा झाली. सगळीकडे एकाच उंचीची पट्टी कापून आणली होती. फुगवट्याजवळ ती आत शिरेना आणि बाल्कनीकडे खाली दोन बोटं अंधार. पट्टी जागेवर धरून जमिनीला पेन्सिल टेकवून रेघ ओढली आणि त्या रेघेवर कापली, तेव्हा कुठे बसली. झुरळांचा हमरस्ता बंद.

माईचा_ओटा

पाणी सिंककडे जातंय का ते एकदा ओतून बघा ना.

अर्धा_इंजिनिअर

माई, आत्ताच पेलाभर ओतलं. अर्धं सिंकमध्ये गेलं, अर्धं मागच्या सांध्याकडे. निकाल तुमच्यावर सोडतो.

काका, एक शेवटचं. आज सकाळी सगळे पाय चाचपले. ड्रॉवरच्या खोक्याचा मागचा डावा पाय किंचित फिरतोय. दगड चढल्यावर बाकीचे थोडे बसले असतील का? आता फिरवू की सोडून देऊ?

सुतारपक्षी

बोटाने जेमतेम टेकेपर्यंत फिरवा, पाना लावू नका. पान्याने उचललंत तर त्या एका जागेवर दगड उचलला जाईल आणि सिंकच्या खाचेजवळची निमुळती पट्टी पहिली तडकेल. पंधरा दिवसांनी परत एकदा हात घाला.

भाऊ_नाशिककर

मी आत्ता आमच्या किचनखाली हात घातला. सहा पायांपैकी चार गरगरतायत. सुतारकाका, आहात का?